झालेलं काम ताटकळतं कुठे?

मंगळवार, रात्र

आज दुपारी मेन ब्रांचच्या टेस्ट एकदम कोसळल्या. कशामुळे, ते लगेच कळलं. पण मुळात ती वेळ का आली याचा माग काढण्यात संध्याकाळ गेली, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पडद्यावर आलेला संदेश असा होता:

```
CommandError: Conflicting migrations detected; multiple leaf nodes
in the migration graph: (0042_discount_note, 0042_invoice_index in billing).
```

जँगोमध्ये डेटाबेसचा प्रत्येक बदल मायग्रेशन म्हणून एका फाइलीत लिहिला जातो आणि आपल्या आधीचं मायग्रेशन कोणतं हे ती फाइल सांगते. दोन जणांनी वेगवेगळ्या ब्रांचवर ४१ नंतरचं ४२ वं मायग्रेशन केलं. फाइलींची नावं वेगळी, त्यामुळे गिटला त्यात काहीच वावगं दिसलं नाही आणि मर्ज सुरळीत झालं. जँगोला मात्र ४१ नंतर दोन फाटे दिसले आणि ते अडून बसलं. यातली एक फाइल गेल्या आठवड्यात मर्ज झाली होती, दुसरी आज झाली. दुसरीच्या पुल रिक्वेस्टवर टेस्टची हिरवी खूण होती खरी, पण ती त्या ब्रांचवरच्या शेवटच्या पुशच्या वेळची, म्हणजे आठवडाभर जुन्या मेनच्या आधाराने मिळालेली. मेन पुढे सरकली म्हणून जुन्या पुल रिक्वेस्टच्या टेस्ट आपोआप पुन्हा चालत नाहीत.

दुरुस्ती लहानशी होती. नव्या फाइलीचा क्रमांक ४३ केला, तिची `dependencies` बदलली, झालं. मला खटकलं ते वेगळंच. हे काम लिहायला एका सहकारी मुलीला एक दुपार लागली होती. मग ते आज का मर्ज झालं?

तिच्या पुल रिक्वेस्टचा इतिहास वरून खाली वाचत गेलो. गुरुवारी, म्हणजे मागच्या आठवड्याच्याही आधीच्या आठवड्यात, ती उघडली. सोमवारी पहिला रिव्ह्यू झाला. सात शेरे होते. त्यातले सहा नावांबद्दल आणि मांडणीबद्दल, एकच खरा प्रश्न: बिलावरची सवलतीची टीप रिकामी असेल तर जुन्या बिलांचं काय? प्रश्न चांगला होता. तिने त्याच दुपारी सगळं दुरुस्त करून पुश केलं. आणि मग पुढचा पूर्ण आठवडा त्या पानावर एक अक्षर उमटलं नाही. काल सोमवारी तिने चौकशी केली, आज सकाळी मंजुरी मिळाली, दुपारी मर्ज. कामाचे आठ दिवस गेले. त्यात तिचं काम एक दुपार आणि वर थोडा वेळ, रिव्ह्यू करणाऱ्याचं मिळून तासभराच्या आत.

त्या मुक्या आठवड्याबद्दल मी दोघांनाही विचारलं. ती म्हणाली, "मी तर सोमवारीच दुरुस्त करून टाकलं होतं, पाळी त्याची होती." तो म्हणाला, "माझ्या यादीत ती नव्हतीच रे. मला वाटलं, अजून तिचं चालू आहे."

दोघंही खरं बोलत होते. तो रोज सकाळी गिटहबवर `review-requested:@me` हा शोध लावून आपली यादी काढतो. पण आपण एकदा रिव्ह्यू दिला की ती पुल रिक्वेस्ट या शोधातून गळते. लेखकाने नंतर नवे कमिट पुश केले तरी ती परत येत नाही. लेखकाने उजवीकडे रिव्ह्यू करणाऱ्याच्या नावाशेजारचं गोल बाण असलेलं बटण दाबून पुन्हा रिव्ह्यू मागितला, तरच ती त्याच्या यादीत उगवते. ते बटण दाबलं गेलं नव्हतं, आणि ते दाबायचं असतं हे आमच्यात कुठे ठरलेलंही नव्हतं.

म्हणून मग उघड्या सगळ्याच पुल रिक्वेस्ट या नजरेने पाहिल्या. ड्राफ्ट सोडून १४ होत्या. त्यातल्या ५ अशाच अधांतरी: शेरे दिलेले, दुरुस्त्या झालेल्या, आणि दोन्ही बाजूंना वाटतंय की पाळी समोरच्याची. आमच्याकडे रिव्ह्यू साचतात म्हणजे माणसं रिव्ह्यू करायला उशीर लावतात, असं सगळे धरून चालले होते. या पाचांपुरतं तरी तसं नव्हतं. त्यांच्याकडे बघायचं आहे हेच कोणाला दिसत नव्हतं.

उरलेल्या नऊंचं गणित वेगळं आहे, आणि ते बाकीच्यांसमोर मांडताना मला जॉन लिटल यांचं सूत्र कामी आलं. त्यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं हे नाते फार सोपं आहे: रांगेत सरासरी किती जण आहेत, ते येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाने थांबलेला सरासरी वेळ एवढं असतं. आमच्या सहा जणांच्या टीममध्ये दिवसाला साधारण ४ पुल रिक्वेस्ट येतात आणि तेवढ्याच मर्ज होतात. रांगेत १४ असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी साडेतीन दिवस आले. रांग ६ वर आणून तिथेच राखली तर तोच वेळ दीड दिवस होतो. दिवसाला मर्ज होणाऱ्या पुल रिक्वेस्ट दोन्ही वेळा चारच. म्हणजे कोणी अधिक भराभर वाचण्याची गरजच नाही. आठ जास्तीची कामं एकदा निपटली आणि पुन्हा साचू दिली नाहीत, की पुरे.

आठ कामं निपटायची कशी, यावर संध्याकाळी बराच खल झाला. ठरलं ते असं की उद्या आणि परवा नवीन काम निम्म्यावर आणायचं. दिवसाला चारऐवजी दोन पुल रिक्वेस्ट उघडायच्या आणि वाचलेला वेळ रिव्ह्यूला देऊन सहा मर्ज करायच्या. चौदाच्या दहा, दहाच्या सहा. त्यानंतर मर्यादा सहाची: रांगेत सहा असतील तर ज्याचं काम तयार झालं त्याने आपली पुल रिक्वेस्ट उघडण्याआधी रांगेतली सगळ्यात जुनी घ्यायची आणि तिचा निकाल लावायचा.

एका सहकाऱ्याने लगेच हरकत घेतली, "म्हणजे माझं काम तयार असून मी ते दाबून ठेवायचं?" हरकत रास्त आहे. पण ते आजही थांबतच होतं, फक्त रांगेच्या शेपटाला जाऊन. आता ते पुढे सरकवायचा उपाय त्याच्या स्वतःच्या हातात येतो, हा फरक मला मोठा वाटतो. त्याची दुसरी हरकत मात्र मी पूर्ण मान्य केली: कोड लिहिताना मन लागलेलं असताना मध्येच उठून रिव्ह्यू करायला लावू नका. गूगलने जाहीर केलेल्या रिव्ह्यूच्या मार्गदर्शिकेतही हेच आहे. उत्तर द्यायला जास्तीत जास्त एक कामाचा दिवस लागावा, पण हातातलं एकाग्रतेचं काम त्यासाठी तोडू नये. आम्ही रिव्ह्यूच्या दोन वेळा धरल्या, सकाळी काम सुरू करताना आणि जेवणानंतर. आपली तंद्री तशीही तुटलेली असते तेव्हा.

जुनी आधी घ्यायची तर ती दिसायला हवी. गिटहबची नेहमीची यादी नवीन आधी दाखवते, त्यामुळे जुनी पुल रिक्वेस्ट रोज एकेक पायरी खाली जाते. सकाळच्या बैठकीत आता आम्ही हे चालवणार:

```
gh pr list --search "draft:false sort:created-asc"
```

यात `review:required` मुद्दाम घातलेलं नाही. बदल मागितलेल्या पुल रिक्वेस्ट त्यातून वगळल्या जातात, आणि आपली ती पाच अधांतरी कामं नेमकी तिथेच दडलेली होती. यादी वरून खाली वाचायची आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता पाळी कोणाची? नाव निघालं की पुढची. दुरुस्त्या पुश केल्या की पुन्हा रिव्ह्यू मागायचं बटण दाबणं हे लेखकाचं काम, हेही ठरलं.

सात शेऱ्यांतल्या त्या सहांबद्दल मात्र थोडी वादावादी झाली. माझं म्हणणं, नावाबिवाचे शेरे द्यावेत, पण त्यांच्यासाठी पुल रिक्वेस्ट अडवू नये. तिथे मंजुरी द्यायची आणि "जमलं तर बदल" असं लिहायचं, म्हणजे एक अख्खी फेरी वाचते. रिकाम्या टिपेचा प्रश्न वेगळा. तिथे अडवायलाच हवं होतं, आणि तो प्रश्न विचारला गेला याचा मला आनंद आहे. पैसे, परवानग्या किंवा डेटा पुसणं यांना हात लावणारा बदल दीड दिवसात बसला नाही तरी चालेल. तिथे दुसऱ्या माणसाने आपल्या मशीनवर चालवून बघेपर्यंत थांबायचं.

मर्यादेचं एक भय मला आहेच. आकडा सहाच्या आत ठेवायचा म्हणून लोक दोन-तीन कामं एकाच पुल रिक्वेस्टमध्ये कोंबतील, किंवा तयार काम ड्राफ्टमध्ये ठेवतील. मग रांग छोटी दिसेल आणि वाट तेवढीच पाहावी लागेल, कदाचित जास्तच, कारण हजार ओळींचा बदल वाचायला कोणी आनंदाने बसत नाही. म्हणून रांगेच्या लांबीबरोबर आणखी दोन गोष्टी बघायच्या ठरवल्या आहेत: दर आठवड्याला मधल्या आकाराची पुल रिक्वेस्ट किती ओळींची निघते, आणि टेस्ट हिरव्या असूनही दोन दिवसांहून जास्त ड्राफ्टमध्ये काय पडून आहे. रांग घटते आहे आणि ओळी वाढताहेत असं दिसलं, तर मर्यादा चुकीच्या जागी लागली असं समजायचं. चारशे ओळींना दोन मिनिटांत मंजुरी मिळालेली दिसली तरी तेच.

एकाने सुचवलं की मर्जआधी ब्रांच मेनशी जुळती असलीच पाहिजे, अशी सक्ती सेटिंगमध्ये लावू, म्हणजे आजचा प्रकार घडणार नाही. खरं आहे, घडणार नाही. पण चौदा जण रांगेत असताना ती सक्ती लावली, तर एक मर्ज झाली की उरलेल्या तेरांनी ब्रांच पुन्हा मेनशी जुळवायची आणि टेस्ट पुन्हा चालवायच्या. आमच्या टेस्टला वीस मिनिटं लागतात. रांग सहावर आली की हा भार पेलवेल, म्हणून ती सक्ती पुढच्या आठवड्यासाठी ठेवली आहे. तोवर मायग्रेशन असलेली पुल रिक्वेस्ट मर्ज करण्याआधी लेखकाने मेन ओढून घ्यायची आणि हे चालवायचं:

```
python manage.py makemigrations --check
```

उद्या सकाळी पहिली घ्यायची ती नऊ दिवस उघडी असलेली, तारखांच्या फॉर्मॅटची. तिच्यात शेरे नाहीत, मंजुरी नाही, आणि रिव्ह्यू करणारा म्हणून ज्याचं नाव लागलं आहे तो सुट्टीवर आहे. ती मी माझ्या नावावर घेतली आहे.