सरेंडर करायला आलेले काका

मी टॅक्सची कामं करतो, इन्शुरन्स विकत नाही. परवा एक जुने क्लायंट काका पिशवीभर पावत्या घेऊन आले आणि म्हणाले, 20 वर्षांची, 5 लाखांच्या विम्याची मनीबॅक पॉलिसी आहे, 12 हप्ते भरलेत, पुतण्या म्हणतो मोडा आणि पैसे फंडात टाका, तर किती मिळतील ते बघ.

पावत्यांची बेरीज त्यांनी स्वतःच केली होती, 3,67,000 च्या वर. पण त्यात टॅक्सही धरलेला, आधी सर्व्हिस टॅक्स मग जीएसटी, आणि सरेंडरला तो मोजतच नाहीत. मूळ प्रीमियम वर्षाला 30,000, म्हणजे 12 वर्षांचे 3,60,000. पॉलिसीच्या मागे छापलेल्या टेबलात 12 व्या वर्षासमोर 60 टक्के, झाले 2,16,000, काका खूश. मग खालची बारीक ओळ वाचून दाखवली, आधी मिळालेले मनीबॅक वजा. पाचव्या आणि दहाव्या वर्षी एकेक लाख घेतलेत ना, राहिले 16,000!! काका गप्पच.

अर्थात ही झाली गॅरंटीड व्हॅल्यू, साठलेल्या बोनसचा थोडा भाग वेगळा मिळतो, आणि कंपनीची स्पेशल व्हॅल्यू जास्त असेल तर तीच देतात. काकांकडे ब्रँचचं कोटेशन होतंच, 1,70,000. हाच आकडा खरा, कारण आज हातात येणार तो हाच.

आता गंमत बघा. पहिल्या दिवसापासून हिशोब केला तर या पॉलिसीचा परतावा सहा टक्क्यांच्या आत येतो, म्हणजे पुतण्या चूक नाही. पण ती 12 वर्षं गेली. आजपासूनचा हिशोब वेगळा मांडावा लागतो: आज न घेतलेले 1,70,000 आणि पुढचे 8 हप्ते म्हणजे आपली गुंतवणूक, बदल्यात तीन वर्षांनी एक लाख आणि शेवटी दोन लाख अधिक बोनस. बोनस आत्तापर्यंत वर्षाला 20,000 लागलाय, तसाच राहिला तर 20 वर्षांचा 4 लाख. एक्सेलमध्ये IRR, म्हणजे वर्षाला पडणारा परतावा काढला, साडेदहा टक्के!! मलाच खरं वाटेना, परत तपासला. पुढचा बोनस वर्षाला 15,000 धरला तरी नऊच्या वर. नुकसान आधीच होऊन गेलंय आणि आज सोडलं तर ते पक्कं होतं, म्हणून पुढचा तुकडा एवढा बरा दिसतो. हीच पॉलिसी चौथ्या वर्षी घेऊन आले असते तर मी बहुतेक पुतण्याच्या बाजूने बोललो असतो.

"पण हप्ता जमला नाही तर?" काकांनी विचारलं. तर पेड-अप करा म्हटलं, म्हणजे हप्ते थांबवायचे पण पॉलिसी मोडायची नाही: विम्याच्या 5 लाखांचे बारा-विसांश तीन लाख, त्यातून घेतलेले दोन वजा, अधिक साठलेला बोनस 2,40,000, शेवटी 3,40,000 मिळतात. विम्याचं कव्हर मात्र घटतं आणि पुढचा बोनस बंद.

काकांनी कोटेशनची घडी घालून पिशवीत टाकली आणि म्हणाले, पुतण्याला तूच फोन कर.