एकतीस हा आकडा आणि माझे दोन मार्क

दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्सच्या इंटर्नलमध्ये सगळे एमसीक्यू होते, प्रत्येकी दोन मार्कांचे. आन्सर की बोर्डावर लागली तेव्हा माझे दोन प्रश्न चुकलेले निघाले. त्यातला एक खरंच चुकला होता, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा हा:

```c
for (i = n; i > 0; i /= 2)
    sum = sum + i;
```

ह्या लूपची टाइम कम्प्लेक्सिटी किती? पर्याय होते O(log n), O(n), O(n log n) आणि O(n²). मी पहिल्यावर खूण केली होती, कीमध्ये दुसरा होता.

ऑब्जेक्शनसाठी दोन दिवस होते. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मी एकच ओळ लिहिली: ‘i दर फेरीत निम्मा होतो, म्हणून O(log n).’ इतकं सरळ आहे, वाचताच सर की बदलतील असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. चिडले वगैरे नव्हते. माझाच फॉर्म उलटा करून त्यांनी मागे लिहिलं: n + n/2 + n/4 + … + 1. “जीपी आहे ना ही? बेरीज किती येते?”

“2n च्या जवळपास, सर.”

“दोन हा कॉन्स्टंट. तो सोडला की काय उरलं?”

“n.”

“मग?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म घेऊन बाहेर आले. बेरीज चूक नव्हती आणि माझं उत्तरही चूक वाटत नव्हतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे काही केल्या सुटेना.

रात्री हॉस्टेलवर n = 16 घेऊन हातानेच लूप चालवलं. i होतो 16, 8, 4, 2, 1 आणि त्यानंतर शून्य, तिथे लूप संपतं. sum होतो 16, 24, 28, 30, 31. म्हणजे फेऱ्या पाच आणि शेवटी sum मध्ये 31. सरांची जीपी होती ती हीच, 2n पेक्षा एकने कमी. पण ती लूप संपल्यावर sum मध्ये काय उरतं त्याचं उत्तर होतं. प्रश्न विचारला होता लूप किती वेळा फिरतं हा.

लग्नात आहेराची पाच पाकिटं आली आणि त्यांत मिळून एकतीस रुपये निघाले, तर पाकिटं पाचच असतात. सर रुपये मोजत होते.

पण सरांसारखा माणूस असं का करेल? ते उत्तर वहीत सापडलं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच फळ्यावर हे उदाहरण सोडवलं होतं:

```c
for (i = n; i > 0; i /= 2)
    for (j = 0; j < i; j++)
        count++;
```

इथेही i निम्मा होतो, पण आतलं लूप दर वेळी i इतक्या फेऱ्या मारतं. n = 16 ला आतल्या फेऱ्या 16 + 8 + 4 + 2 + 1, म्हणजे 31. इथे मात्र पाकीट फोडून एकेक रुपया वेगळा मोजला जातोय, त्यामुळे 31 हे खरोखरचं काम आहे आणि उत्तर O(n) बरोबर आहे. पेपर काढताना आतलं लूप गेलं आणि त्याजागी sum = sum + i आलं. शेवटचा आकडा दोन्हीकडे 31च येतो, म्हणून जुनं उत्तर तसंच चिकटून राहिलं असावं. एका ठिकाणी 31 वेळा एक मिळवला, दुसऱ्या ठिकाणी पाच वेळा मोठे आकडे मिळवले. int ठरावीक बिट्सचा असतो, त्यामुळे 16 मिळवायला 1 मिळवण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

हे कळल्यावर स्वतःच्या फॉर्मची जरा लाज वाटली. ‘निम्मा होतो, म्हणून लॉग’ हे माझं कारण ह्या दुसऱ्या लूपला लावलं असतं तर मी सपशेल आपटले असते. तिथेही निम्मा होतोच की! माझं उत्तर बरोबर होतं, कारण अर्धवट. आत दर फेरीला किती काम होतं ते मी पाहिलंच नव्हतं.

मग प्रोग्राम लिहिला. वेळ मोजण्यात अर्थ नव्हता, कारण इतक्या थोड्या फेऱ्या घड्याळात दिसतच नाहीत. म्हणून फेऱ्याच मोजायच्या ठरवल्या. पहिल्यांदा चालवला तर थांबेचना. मी घाईत i >= 0 लिहिलं होतं, आणि शून्याचं निम्मं शून्यच. ते सुधारल्यावर n = 1000 ला 10 फेऱ्या, 2000 ला 11. दहा लाखांना 20, वीस लाखांना 21. n दुप्पट केला की जेमतेम एक फेरी वाढते; O(n) असतं तर फेऱ्याही दुप्पट झाल्या असत्या. दोन लूपवाल्यात तसंच झालं: 1000 ला 1994, 2000 ला 3994.

रूममेटने तेच पायथनमध्ये करून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, माझ्याकडे 1024 ला 1085 फेऱ्या येतायत!” क्षणभर वाटलं, सरच बरोबर. पण तिने // ऐवजी / लिहिलं होतं. C मध्ये 1 भागिले 2 म्हणजे 0, पण पायथनच्या / ने 0.5 येतं, मग 0.25, आणि ते फ्लोटच्या अगदी तळाशी जाऊन शून्य होईपर्यंत चालू राहतं. 2048 ला तिच्याकडे 1086 आल्या. म्हणजे तिथेही दुप्पट केल्यावर एकच वाढली.

दुसऱ्या दिवशी नवीन फॉर्म नेला. त्यावर दोन तक्ते शेजारी शेजारी होते, n = 16 चे, एकाखाली ‘sum = 31, फेऱ्या 5’ आणि दुसऱ्याखाली ‘आतल्या फेऱ्या 31’. सरांनी बोट ठेवून ओळ न् ओळ पाहिली. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “ठीक आहे, पण बिग ओ म्हणजे वरची मर्यादा. log n हा n पेक्षा लहानच आहे, म्हणजे O(n) म्हटलं तर चूक कसं?”

खरं सांगायचं तर हा मुद्दा बिनतोड आहे. व्याख्येप्रमाणे ते चूक नाहीच. मी म्हटलं, “सर, तसं धरलं तर O(n log n) आणि O(n²) पण बरोबर ठरतात. मग चारही पर्याय बरोबर.”

सर हसले. लाल पेनाने कीमधला दोन नंबर खोडून एक केला. मग कागद पुढे सरकवून विचारलं, “आतल्या लूपमध्ये j < i ऐवजी j < n केलं तर?”

“बाहेरच्या लॉग फेऱ्या, आणि प्रत्येकीला आत पूर्ण n. O(n log n).”

“हं. पुढच्या इंटर्नलला हाच टाकतो.”

दोन दिवसांनी सुधारलेली की लागली. माझे दोन मार्क आले. रूममेटने O(n) वर खूण केली होती, तिचे दोन गेले. आठवडाभर तिने चहाचे पैसे माझ्याकडूनच घेतले.