आईचा ताप फक्त 99.8 होता

आईचं वय 77. मधुमेहाची आणि बीपीची गोळी चालू आहे, पण डोकं तल्लख. आदल्या संध्याकाळीच तिने भिशीचा हिशेब तोंडी केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवलं, तर मला मामाच्या नावाने हाक मारली. चहाचा कप हातात धरून बसली आणि तशीच पेंगायला लागली. अंग थोडं कोमट लागत होतं. थर्मामीटर लावला, 99.8.

मावशी नेमकी त्या आठवड्यात आमच्याकडे मुक्कामाला होती. ती म्हणाली, "अरे, झोपू दे न तिले. जानेवारीची थंडी आहे, कणकण आली असंन. या वयात विसरणं होतेच."

मला ते पटलं नाही. वयाचं विसरणं महिनोन्‌महिने हळूहळू वाढतं, एका रात्रीत येत नाही. तिला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. रविवार, शनिवार, शुक्रवार इथपर्यंत आली आणि डोळे मिटले. दहा मिनिटांनी बरी बोलली, मग पुन्हा गुंगी. हा चढउतार आणि लक्ष न टिकणं, याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो. असा गपगार झोपाळू पेशंट घरातही सुटतो आणि कधीकधी दवाखान्यातही.

तापाच्या आकड्यावरही विसंबता येत नव्हतं. म्हाताऱ्या शरीराला जोराचा ताप चढवणं नेहमी जमत नाही. गंभीर संसर्गातही तो कमी राहू शकतो. आईचं एरवीचं तापमान 97 च्या आसपास असतं, म्हणजे तिच्या मानाने ते जवळपास 3 अंशांनी वाढलं होतं. तिच्या रोजच्यापेक्षा 2 अंश वाढ हीसुद्धा संसर्गाची खूण धरतात.

आधी ग्लुकोमीटरने साखर पाहिली, कारण साखर उतरली तरी माणूस असाच बरळतो. ती 212 होती, म्हणजे कमी नव्हती. मग दोन्ही हात वर करायला लावले आणि हसायला सांगितलं. चेहरा वाकडा नव्हता, हात पडत नव्हता, जीभ अडखळत नव्हती. लकव्याची तशी खूण दिसली नाही. शेवटी तिला न सांगता, छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. 26 भरले. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. खोकला नाही, छातीत दुखणं नाही, तरी श्वास 26. तिथे माझा निर्णय झाला.

मावशीने आल्याचा काढा आणला होता, तो पाजू दिला नाही. पेंगणाऱ्या माणसाला पाजलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. आई आधाराने बसू शकत होती म्हणून कारने निघालो. हलवूनही जागी झाली नसती, तर 108 लाच फोन केला असता.

इमर्जन्सीत मी पहिलं वाक्य हेच बोललो: "काल संध्याकाळपर्यंत ही पूर्ण बरी होती, आज ओळखत नाहीये." सोबत गोळ्यांची पिशवी दिली. ऑक्सिजन 90 भरला, बीपी वरचं 98. तिचं नेहमी 140 असतं. बीपी घसरलेलं, श्वास वाढलेला, माणूस गुंगीत. तिन्ही एकत्र असले की सेप्सिसची शंका घ्यावी लागते, म्हणजे संसर्गामुळे अवयवांचं काम बिघडायला लागलंय. अशा वेळी अँटिबायोटिकला तासांचा उशीरही महागात पडतो. त्यांनी आधी कल्चरसाठी रक्त घेतलं, लगेच सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केलं. रिपोर्टची वाट पाहिली नाही.

लघवीत जंतू सापडले, तेव्हा आम्हाला वाटलं कारण मिळालं. डॉक्टर म्हणाले, "आजींच्या वयात बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात. तेवढ्यावर थांबता येत नाही, छाती बघू." एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला.

ताप लवकर उतरला, गोंधळ मात्र रेंगाळला. रात्री ती सलाईनची नळी ओढायची, गावच्या घरी निघायचं म्हणायची. सिस्टरांनी तिचा चष्मा आणि कानाचं यंत्र घरून मागवलं, दिवसा पडदे उघडे ठेवायला सांगितले, आणि शक्यतो एकच ओळखीचं माणूस जवळ बसवलं. झोपेची गोळी आम्ही मागितली, तर डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्याने गुंगी आणि गोंधळ दोन्ही वाढतात. डिलिरियम पूर्ण निवळायला आठवडे लागू शकतात, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घरी आल्यावर तिने तारीख चुकवली तरी आम्ही घाबरलो नाही.

आता तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर बरी असतानाचे आकडे लिहिलेत: तापमान, बीपी, ऑक्सिजन, मिनिटाचे श्वास. दिवसा सोबतीला येणाऱ्या ताईंना श्वास मोजायला शिकवलंय. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस कधी घ्यायची, ते पुढच्या तपासणीला ठरेल.