बॅकटेस्टर अपडेट: कॅश उणे वीस हजार

माझ्या इव्हेंटवर चालणाऱ्या बॅकटेस्टरमधला मागच्या वेळचा सेम-बार फिलचा प्रश्न, म्हणजे सिग्नल ज्या बारवर आला त्याच बारच्या भावाने ऑर्डर भरली जाण्याचा, मिटला. ऑर्डर आता एक्झिक्यूशनकडे थांबते आणि पुढच्या बारच्या ओपनला भरली जाते. परतावा बराच खाली आला, पण निदान विश्वास ठेवण्यासारखा झाला. त्या आनंदात लॉग चाळत होतो, तर पोर्टफोलिओची कॅश चक्क -20000. लिव्हरेज तर कुठेच दिलेलं नाही!

कॅश 1,00,000. A चा क्लोज 100, B चा 250, एकाच बारला दोन्हीकडे खरेदीचा सिग्नल. नियम: उपलब्ध कॅशच्या 60 टक्के लावायचे. A ची 600 शेअर्सची ऑर्डर निघाली. B ची वेळ आली तेव्हा A चं फिल आलेलं नव्हतं, म्हणून पोर्टफोलिओला कॅश अजूनही पूर्ण दिसली आणि 240 शेअर्सची ऑर्डर गेली. मिळून 1,20,000. सेम-बार फिल असतानाही हेच होत असणार, कारण साध्या रांगेत दोन्ही सिग्नल पहिल्या फिलच्या पुढेच उभे असतात.

सरळ उपाय म्हणजे ऑर्डर निघताच तेवढी कॅश राखून ठेवायची. केलं. आता B ला उरलेल्या 40,000 चे 60 टक्के, म्हणजे 96 शेअर्स. कॅश सावरली, पण सिम्बॉलच्या यादीचा क्रम उलटा केला की इक्विटी कर्व्हच बदलतो! वर्णानुक्रमावर नफा ठरणं मला तरी मान्य नाही. ही चाचणी प्रत्येकाने आपापल्या इंजिनवर करून बघाच.

मग सिग्नल आले की लगेच साइझिंग करणं बंद केलं. बारचे सगळे सिग्नल गोळा होतात, शेवटी रिबॅलन्स इव्हेंट येतो आणि मागणी जास्त असेल तर प्रमाणात कापली जाते: A ला 500, B ला 200. त्यासाठी `deque` जाऊन हीप आला (`queue.Queue` तर एका थ्रेडला कशाला हवी, उगाच लॉकचं ओझं):

```python
heapq.heappush(q, (ts, prio, next(seq), ev))
```

`seq` हा `itertools.count()`. तो नसेल तर वेळ आणि प्राधान्य सारखं असताना पायथन इव्हेंटचीच तुलना करायला जातो आणि `TypeError` देतो. क्रम उलटा केला तरी कर्व्ह आता तोच, रुपयाचाही फरक नाही. फार बरं वाटलं.

उरलं गॅपचं. A 104 ला उघडला तर पुन्हा 2,000 कमी पडतात. तीन टक्के बफर ठेवणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं: ऑर्डरमध्येच खर्चाची मर्यादा घालावी. 50,000 मर्यादा, 104 चा भाव, म्हणजे 480 शेअर्स. एक्झिक्यूशनला कॅश कळायची गरज नाही, पोर्टफोलिओने फक्त संख्या ऑर्डरमधून न घेता फिलमधून घ्यायची. ओपन बघून संख्या ठरवणं म्हणजे किंचित भविष्यात डोकावणं आहेच, प्रत्यक्षात मार्केट ऑर्डरची संख्या आधीच द्यावी लागते. म्हणून दोन्ही करून बघतो: बफर आणि मर्यादा, एकाच डेटावर.