बसून नॉर्मल, झोपून नाही

"डॉक्टर, वडिलांनी आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही. मागच्याच वर्षी फुंकायची टेस्ट केली, तेव्हा सगळं नॉर्मल होतं. मग खुब्याचं हाड मोडून चार दिवस पडून राहिले, तर लगेच ऑक्सिजन कसा लागला?"

तो रिपोर्ट खोटा नव्हता. फक्त त्यात दोन गोष्टी दिसत नाहीत. एक, वडिलांची तुलना त्यांच्याच वयाच्या आणि उंचीच्या माणसाशी केलेली असते. दोन, ती टेस्ट खुर्चीत ताठ बसवून घेतात. आजारी माणूस मात्र झोपलेला असतो.

७६ वर्षांचे, १६५ सेंटिमीटर उंचीचे, कधीही धूम्रपान न केलेले एक निवृत्त मास्तर डोळ्यांसमोर आणा. आमची टेक्निशियन त्यांच्या नाकाला चिमटा लावते, तोंडात नळी देते आणि "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका" असं ओरडते. पहिल्या सेकंदाला बाहेर आलेली हवा भरते पावणेदोन लिटर. वयाप्रमाणे हे चांगलंच आहे. पण हेच मास्तर पंचविशीत असते तर आकडा तीन लिटरच्या वर गेला असता. निरोगी माणसाची पहिल्या सेकंदाची हवा पंचविशीनंतर वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते, साठीपासष्टीनंतर थोडी जास्तच. पन्नास वर्षांत दीड लिटरच्या आसपास गेली. रोजच्या जगण्याला एवढी हवा लागतच नाही, म्हणून ती गेल्याचं कोणाला कळत नाही. भाजी आणायला, देवळात जायला, एक जिना चढायला उरलेली पुरते. जी गेली ती शिल्लक होती.

गेली कशी, तर फुप्फुसाचा ताण सैल पडला. फुप्फुसाच्या ऊतीत इलास्टिन नावाचे तंतू असतात. श्वास घेताना ते ताणले जातात आणि सोडताना आपोआप मागे येतात, म्हणून शांत बसलेल्या माणसाला श्वास सोडायला कष्ट पडत नाहीत. हे तंतू बहुतेक लहानपणी आणि तरुणपणीच तयार होतात, नंतर त्यांची भर जवळजवळ पडत नाही. १९९१ साली एका अभ्यासात अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून या इलास्टिनचं वय मोजलं होतं. त्यातला कार्बन सरासरी ७४ वर्षं तिथेच टिकतो असं निघालं. म्हणजे मास्तरांच्या छातीतले तंतू जवळपास मास्तरांच्याच वयाचे, आणि जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे: ताणले जातात, पण पूर्वीइतक्या जोरात मागे येत नाहीत. वायुकोश थोडे मोठे आणि ढिले होतात. सिगारेटीने होतो तसा त्यांच्या भिंतींचा नाश मात्र यात नसतो, म्हणून याला एम्फिसीमा म्हणायचं नाही.

त्याच काळात बाहेरचा बरगड्यांचा पिंजरा उलट्या दिशेला जातो, तो आखडतो. बरगड्यांना छातीच्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चेत कॅल्शियम साचतं. एक्स-रेमध्ये ते पांढरे ठिपके दिसतात आणि घरचे घाबरून "हा टीबी आहे का?" विचारतात. नाही, ते वय आहे. मणक्याचे सांधे झिजतात, एखादा मणका चेपतो, पाठीला बाक येतो, छाती पिंपासारखी गोल होते. आता प्रत्येक श्वासाला हा ताठर पिंजरा हलवावा लागतो आणि ते काम मुख्यतः श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर पडतं. ते स्वतः एक स्नायूच आहे. निरोगी म्हाताऱ्या माणसात त्याची ताकद तरुणाच्या मानाने सुमारे पाव हिश्श्याने कमी भरते.

गंमत अशी की फुप्फुस सैल आणि पिंजरा ताठ, या दोन्हींचा हिशेब जुळून छातीत मावणारी एकूण हवा जवळपास तेवढीच राहते. बदलते ती वाटणी. विशीत पूर्ण श्वास सोडल्यावर एकूण हवेपैकी साधारण पाव हिस्सा आत उरतो, सत्तरीत चाळीस टक्क्यांपर्यंत. ही आत अडकलेली हवा वापरता येत नाही.

आता मूळ मुद्दा, खाटेवर पडण्याचा.

फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिकांना स्वतःची कूर्चा नसते. सभोवतालच्या ऊतीचा ताण त्यांना चहूबाजूंनी ओढून उघडं ठेवतो. तो ताण सैल पडला की श्वास सोडता सोडता या नलिका मिटू लागतात, आणि मिटायला सुरुवात होते सर्वांत खालच्या भागातून, कारण तिथलं फुप्फुस वरच्या वजनाने आधीच दबलेलं असतं. तरुण माणसात अगदी शेवटची हवा पिळून बाहेर काढली तरच हे घडतं. वय वाढतं तसं हे मिटणं लवकर, जास्त हवा आत असतानाच सुरू होतं. चव्वेचाळीसच्या आसपास, पाठीवर झोपलेल्या माणसात ते साध्या श्वासाच्या शेवटीच होऊ लागतं. पासष्टीच्या सुमाराला बसलेल्या माणसातही.

झोपलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि श्वास सोडल्यावर आत राहणारी हवा अर्धा-पाऊण लिटरने तरी कमी होते. मास्तर खुर्चीत होते तेव्हाच काठावर होते. खाटेवर आडवे झाल्यावर पाठीकडच्या भागातल्या कितीतरी नलिका प्रत्येक श्वासाला मिटलेल्या. तिथे रक्त पोचतं, हवा पोचत नाही, आणि ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. त्यात हाड मोडल्याच्या वेदनेने खोल श्वास नाही, खोकला जोरात काढता येत नाही, गुंगीच्या औषधाने श्वास आणखी उथळ. एक-दोन दिवसांत मिटलेला भाग मिटलेलाच राहतो. त्यात कफ साचतो, तिथेच न्यूमोनियाला जागा मिळते.

आकड्यांत पाहा. तरुणाच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण ९५ मिलिमीटर पारा असतो, मास्तरांचा ७५ धरा. ऑक्सिमीटरवर तरुण ९७ टक्के दाखवेल, मास्तर ९४-९५. फरक किरकोळ वाटतो ना? आता दोघांचाही दाब याच कारणाने २० ने उतरला असं समजा. तरुण ७५ वर आला, बोटावर ९४-९५, कोणाचं लक्षही जाणार नाही. मास्तर ५५ वर आले, आणि बोटावर ८८. साठच्या खाली दाब गेला की रक्तातला ऑक्सिजन भराभर घसरतो. दोघांना बसलेला धक्का एकच. मास्तर मुळात उताराच्या तोंडाशी उभे होते एवढंच.

घरच्यांचा यावर पुढचा सवाल ठरलेला असतो, की ते तर छान बोलत होते, धाप लागली असं म्हणाले नाहीत. नसतीलच म्हणाले. ऑक्सिजन कमी झाला किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूने श्वास वाढवायचा असतो, पण तो प्रतिसाद म्हातारपणी मंदावतो, काही जुन्या मोजमापांत तर जवळपास निम्म्यावर. म्हणून सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या "बरं आहे" वर मी विसंबत नाही. त्यांच्या नकळत एक पूर्ण मिनिट पोटाची हालचाल मोजा. शांत पडलेल्या माणसाचे श्वास चोवीस-पंचवीसच्या वर जात असतील, किंवा कालपर्यंत नीट बोलणारे अचानक असंबद्ध बोलू लागले असतील, तर डॉक्टरांना लगेच सांगा. बऱ्याचदा धापेच्या आधी गोंधळ दिसतो, आणि घरचे त्याला "वयाचं चाललंय" म्हणून सोडून देतात.

मी स्वतः राउंडला स्टेथोस्कोप पाठीच्या तळाशी ठेवतो. म्हाताऱ्या, पडून असलेल्या माणसात पहिल्या दोन-चार श्वासांना बारीक चुरचुर ऐकू येते, म्हणजे मिटलेल्या नलिका उघडतायत. चार-पाच खोल श्वास आणि एक खोकला झाल्यावर ती गेली, तर मी पुढच्या खाटेकडे जातो. खोकल्यानंतरही तशीच राहिली, वर ताप असला, तर एक्स-रे सांगतो.

उपाय त्यामानाने अगदीच साधे आहेत. ऑपरेशन लांबवायचं नाही, कारण हाड जोडल्याशिवाय बसवता येत नाही. तोवर खाटेचं डोकं तीस-चाळीस अंश वर. वेदनाशामक पुरेसं द्यायचं. खोकला दुखायला नको एवढं, आणि झोप लागत राहील इतकं नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी शक्य असेल तर खुर्चीत. तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं असेल तर त्यात हवा आत ओढायची असते. निम्मे लोक त्यात फुंकतात, आणि वर तक्रार करतात की गोळ्या हलत नाहीत. माझ्या मते खुर्चीत घालवलेला एक तास त्या यंत्रापेक्षा भारी, पण नातेवाइकांना यंत्र जास्त पटतं.

पुढच्या ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञांना स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे त्या फुंकायच्या टेस्टच्या, जुन्या रिपोर्टबरोबर ऑक्सिमीटरचे दोन आकडे सांगा: दहा मिनिटं बसून घेतलेला आणि दहा मिनिटं सपाट झोपून घेतलेला. बोटं गरम असू द्या, थंड बोटांवर ते यंत्र भलतंच दाखवतं.

रिपोर्ट आणलाच असेल तर त्यातलं गुणोत्तर पाहा, पहिल्या सेकंदाची हवा भागिले एकूण फुंकलेली हवा. मास्तरांचं ०.६८ आलं होतं. ०.७० च्या खाली म्हणजे सीओपीडी हा श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असा सरसकट नियम लावून त्यांना एकाने इनहेलर सुरू केला होता. सैल झालेल्या फुप्फुसातून हवा शेवटी शेवटी सावकाशच येते, त्यामुळे हे गुणोत्तर वयाबरोबर उतरतं. म्हणूनच २०१२ साली आलेल्या जागतिक संदर्भ समीकरणांत प्रत्येक वयाची खालची मर्यादा वेगळी काढता येते, आणि त्या हिशेबाने मास्तर मर्यादेच्या आत होते. विडी नाही, चुलीचा धूर नाही, खोकला-कफ नाही. तो इनहेलर मी बंद केला.

प्राणायामाने हे सगळं परत येईल का, हे तुम्ही अजून विचारलं नाहीत, पण विचाराल. इलास्टिन परत येत नाही. रोजच्या चालण्याने पायांचे स्नायू तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये जास्त काम करायला शिकतात, श्वसनाच्या व्यायामाने श्वासाचे स्नायू थोडे बळकट होतात, आणि जिना पूर्वीपेक्षा सोपा जातो. त्या आधारावर मी वडिलांना वॉकर धरून रोज दोनदा चालायला सांगितलं आहे. दुपारी जेवल्यावर सपाट झोपू देऊ नका, पाठीला दोन उशा लावा.