पिवळा झाला म्हणून पिकला?

गेल्या शनिवारी भर दुपारी एक काकू दुकानात आल्या आणि पिशवीतले आंबे काउंटरवर ओतले. "काय रे हे, दोन डझन नेले आणि एकाला वास नाही." दहा दिवसांपूर्वी मीच दिलेला कच्चा हापूस. पिवळट झालेला, सालीवर राखाडी डाग.

पिकलेला हापूस देठापाशी घमघमतो, तिथं नाक लावलं तर काहीच नाही. आणि लोक अंगठ्यानं दाबून बघतात ओ, दुसऱ्या दिवशी तिथं डाग पडतो आणि तो आंबा माझ्याच गळ्यात! आख्ख्या तळव्यात धरा, सगळीकडून सारखा लवला तर पिकला. काकूंचा धरला तर वरनं मऊ, आत बाठीपाशी घट्ट.

अढी कशी घातली विचारलं. पिंजरावर आंबे, वर परत पिंजर, पोतं, बरोबर होतं सगळं. "पण तिसऱ्या दिवशी पुण्याला लग्न, म्हटलं नासतील, म्हणून फ्रीजमध्ये टाकले."

झालं! अर्धकच्चा आंबा 12-13 अंशांच्या खाली गेला की त्याचं पिकणंच बिघडतं, बाहेर काढल्यावर रंग कसाबसा चढतो पण वास नाही की गोडी नाही. फ्रीज पिकलेल्यासाठी. हे मी विकताना सांगायला पाहिजे होतं, पण सीझनला सांगलीत एवढं गिऱ्हाईक असतं की तोंडातनं फक्त भाव निघतो.

तरी डोक्यात किडा वळवळत होता. त्याच लॉटचे 14 मी घरी अढीत घातलेले, मधे एकदा उघडून वर-खाली केले, वाफ जाऊ दिली, आठव्या दिवशी 11 झकास आणि 3 सुरकुतलेले, बिनवासाचे. म्हणजे कोवळे उतरवलेले. कच्चा असताना बादलीत टाकला तर तयार आंबा बुडतो, कोवळा बहुतेक तरंगतो. दरवर्षी करतो, यंदा त्या दिवशी टेम्पो उशिरा आला म्हणून राहिलं.

मग काकूंसमोरच एकाच मापाचे दोन-दोन आंबे दोन्ही हातात घेऊन वजन बघत गेलो. पिकताना आंब्याचं थोडं पाणी उडतंच, पण कोवळा फारच उडतो, हाताला पोकळ लागतो आणि देठाकडं चुण्या पडतात. पाच निघाले असे. बाकी 19 जड, फक्त डागाळलेले.

पाचाचे पैसे दिले. "आणि हे 19?"

म्हटलं, "काकू, ते फ्रीजचे."

"मला काय माहीत असणार रे?"

पिशवी तिथंच ठेवून गेल्या. 19 आंबे अजून क्रेटमध्ये पडलेत, टाकवत नाहीत. भरलेली बादली मात्र आता दारातच असते, पोरं त्यात हात धुतात.