नऊ खोकी

सांगलीत गणपती पेठेजवळ माझे किराणा दुकान आहे. दिवाळीच्या आठवड्यात दुकानातल्या लोखंडी रॅकची साडेपाच फुटांवरची फळी पुढच्या बाजूने वाकून सुटली आणि तिच्यावरची तेलाची चार खोकी खाली उभ्या असलेल्या एका मावशींच्या खांद्यावर व मनगटावर पडली.

उरलेली पाच खोकी तिरक्या फळीवर अडकून होती, त्यामुळे मावशींना उठवण्याआधी दोन मुलांनी रॅक दाबून धरला आणि तिसऱ्याने ती खोकी एकेक करून उतरवली. फुटलेल्या पिशव्यांचे तेल फरशीवर पसरले होते, त्यावर गोणपाट टाकून मग त्यांना खुर्चीवर बसवले. मी म्हणालो, "मावशी, हात हलवू नका, मीच धरतो." सूज चढली की बांगड्या रुततात, म्हणून त्या अलगद काढल्या, खोक्याचा पुठ्ठा दुमडून मनगटाखाली ठेवला आणि उपरण्याने हात गळ्यात बांधला. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामे असावे म्हणून पाणीसुद्धा दिले नाही, ते नाकारताना जीव तुटत होता. एक्स-रेमध्ये मनगटाच्या हाडाला चीर निघाली. उपचाराचा सगळा खर्च मी केला आणि प्लास्टर निघेपर्यंत त्यांचा किराणा घरपोच पाठवला.

त्या रात्री साठ्याची वही उघडली, तेव्हा चूक माझ्याच अक्षरात दिसली. त्या फळीसमोर दोन्ही महिन्यांत "९ खोकी" एवढेच लिहिलेले होते. आधीच्या महिन्यात ती बिस्किटांची, चार-चार किलोंची, म्हणजे सारी मिळून ३६ किलो होती. या महिन्यात त्याच जागी एक लिटरच्या बारा पिशव्यांची तेलाची खोकी आली. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते, आणि काट्यावर पुठ्ठ्यासकट खोके सव्वाअकरा किलो आले, म्हणजे फळीवर शंभर किलोंहून अधिक भार होता. रॅक विकणाऱ्याने फळीची क्षमता ६० किलो सांगितली होती, तीही वजन सगळीकडे सारखे पसरलेले असेल तर. आम्ही हाताशी यावे म्हणून खोकी पुढच्या कडेला रचली होती, त्यामुळे जवळजवळ तीन चतुर्थांश भार पुढच्या दोन कोपऱ्यांवर आला आणि त्यांपैकी उजव्या कोपऱ्याचा नट सैल होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दोरा ताणून पाहिला. आणखी दोन फळ्या मध्यभागी अर्धा इंच खचलेल्या निघाल्या, त्या बदलल्या. प्रत्येक कोपऱ्याला त्रिकोणी पट्टी आणि दोन बोल्ट बसवले, रॅक भिंतीला आवळले आणि तेल, गूळ, मीठ सर्वांत खाली नेले. वहीत नगांशेजारी किलोचा रकाना आखला आणि प्रत्येक फळीवर तिची मर्यादा रंगवली. सैल झालेला नट मात्र वहीत दिसत नाही, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकान उघडण्यापूर्वी मी स्वतः पाना घेऊन सगळे कोपरे तपासतो.